ठरलेले काम आणि वाढलेले काम

भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. व्यापाऱ्याने सूत द्यावे आणि कारखानदाराने मजुरीवर कापड विणून द्यावे, ही तेथील जुनी रीत आहे. ही मजुरी ठरते 'पिका'वर. एका इंचात आडवे धागे किती, ती संख्या म्हणजे पिक. समजा, दर पिकाला १० पैसे असा भाव ठरला आणि कापड ५२ पिकांचे असले, तर मीटरला ५ रुपये २० पैसे मजुरी होते. उद्या व्यापारी म्हणाला, 'कापड जरा घट्ट हवे, ५६ पिक ठेवा,' तर मजुरी आपोआप ५ रुपये ६० पैसे होते. त्यासाठी कोणाला रुसावे लागत नाही, की कोणाची मनधरणी करावी लागत नाही. काम वाढले की मजुरी वाढते, कारण मोजण्याचे माप कामाच्या पोटातच बसविलेले आहे.

नाक्यावरून निघून राहनाळ, पूर्णा, काल्हेर, मानकोली या गोदामांच्या पट्ट्याकडे वळले, की हा हिशेब इतका सरळ राहत नाही. तेथे माल उतरवणे, थप्पी लावणे, ठेवणे आणि मागणीप्रमाणे गाडीत भरून देणे, असे काम पेटीमागे किंवा महिन्याच्या ठोक दराने ठरते. करार झाल्यावर दोन-तीन महिने सुरळीत जातात. मग एके दिवशी ग्राहकाचा माणूस सहज म्हणतो, "भाऊ, पेट्या उघडून एवढे स्टिकर लावून टाका ना, तुमची माणसे तिथेच आहेत." मागणी लहान असते, संबंध नवे असतात, आणि नाही म्हणणे जड जाते. पुढच्या महिन्यात परत आलेला माल तपासून देण्याचे काम येते, मग गाडीचे फोटो, मग रोज संध्याकाळचे साठापत्रक. दर मात्र पहिल्या दिवशी ठरला तोच राहतो.

यातले एकही काम मोठे नसते, म्हणून एकाही कामाच्या वेळी मालक सावध होत नाही. पण या कामांची बेरीज कोठेच लिहिली जात नाही. ती एकदा कागदावर करून पाहणे आवश्यक आहे.

एक नमुन्याचा हिशेब घेऊ. नाक्यावर कार्यालय आणि पूर्ण्याला गोदाम असलेली एक पेढी आहे, असे समजा. तिच्याकडे तयार कपड्यांच्या एका व्यापाऱ्याचे काम आहे. महिन्याला ४,००० पेट्या येतात-जातात आणि पेटीमागे २२ रुपये दर आहे. गोदामाचे भाडे ग्राहक वेगळे देतो. म्हणजे महिन्याचे बिल ८८,००० रुपये. तीन कामगारांचा पगार प्रत्येकी १६,००० प्रमाणे ४८,०००, मुनीमाचे २०,००० आणि वीज, दोरी, चहापाणी असा किरकोळ खर्च ६,०००, मिळून ७४,०००. हाती उरतात १४,००० रुपये.

आता 'जरा एवढे' म्हणून आलेली कामे मोजू. महिन्याला ३०० पेट्यांत प्रत्येकी २४ नग, म्हणजे ७,२०० स्टिकर. पेटी उघडून, स्टिकर लावून, पुन्हा बंद करताना तासाला २०० नग होतात असे धरले, तर ३६ तास लागतात. परत आलेले ६०० नग दर नगास चार मिनिटे देऊन तपासायचे म्हटले, तर ४० तास. साठ गाड्यांचे फोटो काढून पाठवायला दर गाडीस दहा मिनिटे धरून १० तास. मुनीमाचे रोजचे साठापत्रक अर्ध्या तासाप्रमाणे २६ दिवसांचे १३ तास. एकूण ९९ तास झाले. महिन्याचे २०८ तास धरले, तर कामगाराचा तास ७७ रुपयांना आणि मुनीमाचा ९६ रुपयांना पडतो. त्या भावाने चारही कामांची किंमत सुमारे ७,८७० रुपये होते. चौदा हजारांच्या नफ्यातील निम्म्याहून अधिक रक्कम अशी गेली, आणि त्यातील सर्वांत मोठे काम फक्त ३,०८० रुपयांचे होते.

हा हिशेबही सौम्य आहे. रोजच्या आठ तासांत ही कामे बसली नाहीत आणि माणसे उशिरापर्यंत थांबली, तर कायद्याप्रमाणे जादा तासांचे वेतन दुप्पट द्यावे लागते. तसे झाले तर खर्च १५,७४० रुपयांवर जातो. म्हणजे नफा तर जातोच, वर दर महिन्याला १,७४० रुपयांची पदरमोड होते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ग्राहक तोच, बिल तेच आणि गोदाम पूर्वीपेक्षा अधिक गजबजलेले दिसते.

ही गळती वर्षअखेरच्या ताळेबंदात उशिरा दिसते. ती आधी ओळखण्याची एक सोपी खूण आहे. महिन्यात हाताळलेल्या पेट्यांना कामगारांच्या एकूण तासांनी भागावे. वरच्या पेढीत तीन कामगारांचे ६२४ तास आणि ४,००० पेट्या, म्हणजे तासाला ६.४ पेट्या होतात. जादा कामांचे कामगारांचे ८६ तास मिळवले, की तोच आकडा ५.६ वर येतो. पेट्यांची संख्या तेवढीच असताना हा आकडा सलग दोन महिने घसरला, तर कामगार आळशी झाले असे लगेच ठरवू नये. बिलात नसलेले कोणते काम ते करीत आहेत, हे आधी पाहावे.

पैसे मागायचे ठरविले, तर कायदा मदतीला येतो का, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर देणारा एक जुना खटला योगायोगाने गोदामांचाच आहे. १९४४ साली बंगालमधील आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदार पेढीने सरकारच्या नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामे बांधून दिली. त्या कामाचा प्रस्ताव रीतसर मंजूर झाला होता आणि त्याचे पैसेही मिळाले. त्याच सुमारास अधिकाऱ्यांनी आणखी कामे सांगितली. एक कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कार्यालय, स्वयंपाकघर आणि कारकुनांसाठी खोली ही त्यांतली पहिली. त्यानंतर साठवणुकीच्या आणखी काही शेड सांगण्यात आल्या. पेढीने सर्व बांधून दिले, खात्याने ते वापरले, आणि बिल आल्यावर सरकारने हात वर केले. कायद्याने ठरविलेल्या नमुन्यात करार झालेला नाही आणि सांगणाऱ्या अधिकाऱ्यांना तसा अधिकार नव्हता, असे उत्तर मिळाले. मागणी होती १९,३२५ रुपयांची.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल डिसेंबर १९६१ मध्ये लागला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. ते मूळचे साताऱ्याचे. करार वैध नव्हता, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार पेढीला तिचे पैसे मिळायला हवेत, असे ठरविले. त्या कलमासाठी तीन गोष्टी लागतात. काम कायदेशीर रीतीने दुसऱ्यासाठी केलेले असावे, ते फुकट करण्याचा हेतू नसावा, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतलेला असावा. काम नाकारण्याची मोकळीक असताना ज्याने ते स्वीकारले आणि वापरले, त्याला मोबदला द्यावा लागतो, असा या निकालाचा गाभा आहे.

जादा काम करणाऱ्याला हा निकाल दिलासा देतो, पण त्यात दोन इशारेही आहेत. पहिला काळाचा. बिल १९४४ चे आणि अंतिम निकाल १९६१ चा, म्हणजे सतरा वर्षे गेली. कोणत्याही पेढीने एवढ्या रकमेसाठी एवढा काळ थांबण्याची योजना करू नये. दुसरा इशारा अधिक महत्त्वाचा आहे. कलम ७० मध्ये फुकट करण्याचा हेतू नसणे हे सिद्ध करावे लागते. ज्या गोदामवाल्याने आठ महिने स्टिकर लावले, आठ बिले पाठविली आणि एकाही बिलात त्या कामाचा उल्लेख केला नाही, त्याची बिलेच त्याच्याविरुद्ध बोलू लागतात. समोरचा म्हणतो, 'हे तर सेवेचा भाग म्हणून चालले होते.' या म्हणण्याला उत्तर देणे अवघड जाते.

याच्या जोडीने १९६० चा अलोपी प्रसाद अँड सन्स विरुद्ध भारत सरकार हा खटला ध्यानात ठेवावा. लष्करासाठी तूप खरेदी करून देणाऱ्या या पेढीने युद्धकाळात खर्च वाढल्याचे कारण देऊन ठरलेल्या दरापेक्षा अधिक रक्कम मागितली. ज्या कामाचा मोबदला करारातच ठरलेला आहे, त्याला खर्च वाढला म्हणून वेगळा मोबदला मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दोन्ही निकाल एकत्र वाचले, की सीमारेषा स्पष्ट दिसते. काम कराराच्या आत असेल, तर ते कितीही महाग पडले तरी दर तोच राहतो. काम कराराबाहेरचे असेल, तर मोबदला मागता येतो. तेव्हा अमुक काम आत की बाहेर, हे पहिल्या दिवशीच लिहिलेले असणे, यावरच सगळे अवलंबून आहे.

नमुन्याच्या पेढीच्या करारात 'मालाची आवक-जावक' एवढाच शब्द असला, तर परत आलेला माल आत घेणे ही आवक झाली, असे ग्राहक म्हणू शकतो, आणि ते चूकही नाही. पण नग उघडून डाग, शिवण आणि बटणे पाहणे ही आवक नव्हे. करारात 'बंद पेटीची आवक-जावक. पेटी उघडून करावयाचे कोणतेही काम यात नाही' असे एक वाक्य अधिक लिहिले असते, तर ८६ पैकी ७६ तासांचा प्रश्न उद्भवलाच नसता. काय करू याची यादी सगळेच करतात. काय यात धरलेले नाही, याची यादी तितक्याच काळजीने करावी आणि नेहमी मागितल्या जाणाऱ्या चार-पाच जादा कामांचे दर तेथेच लिहून ठेवावेत. करार करताना दोघेही खुशीत असतात, तेव्हा ही यादी कोणाला खटकत नाही. सहा महिन्यांनी तीच अविश्वासाची वाटते.

करारात आणखी एक ओळ असावी. जादा काम कोणी सांगितले म्हणजे ते ग्राहकाने सांगितले असे समजायचे, त्या एक-दोन व्यक्तींची नावे त्यात लिहावीत. आरामबागच्या प्रकरणात सरकारचा बचाव नेमका अधिकाराच्या मुद्द्यावर होता. गोदामातही बहुतेक जादा कामे मालक सांगत नाही. त्याचा विक्री प्रतिनिधी किंवा गाडीबरोबर आलेला माणूस सांगतो. बिल गेल्यावर मालक खरोखरच आश्चर्याने विचारतो, 'हे कोणी सांगितले होते?'

प्रत्यक्ष मागणी येईल त्या दिवशी, काम सुरू होण्याआधी, त्या अधिकृत व्यक्तीला तीन ओळींचा निरोप पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविला तरी चालेल, पण तो जपून ठेवावा. त्यात काम, दर आणि आरंभाचा दिवस एवढेच असावे. उदाहरणार्थ: "आपल्या सांगण्याप्रमाणे ३०० पेट्यांतील नगांवर स्टिकर लावण्याचे काम सोमवारपासून घेत आहोत. हे मूळ करारातील काम नाही. दर नगास १ रुपया, कर वेगळा. आपला होकार आला की सुरू करतो." या निरोपात तक्रार नाही आणि नकारही नाही. निर्णय मात्र ग्राहकाच्या हाती जातो. होकार आला तर कराराचे एक नवे कलम तयार झाले. उत्तर आले नाही, तर काम सुरू करू नये. मौनाला होकार समजणे हीच गळतीची सुरुवात असते.

दर कसा काढायचा? स्टिकरचे ३६ तास जादा वेळेच्या दुप्पट भावाने, म्हणजे १५४ रुपयांनी धरले, तर दर नगास ७७ पैसे खर्च पडतो. म्हणून १ रुपया. परत मालाच्या तपासणीला त्याच भावाने नगास १० रुपयांहून थोडे अधिक पडतात, म्हणून १२ रुपये. साध्या तासाच्या भावाने दर काढण्याचा मोह टाळावा. जादा काम बहुधा जादा वेळेतच होते.

सगळ्याच कामांचे पैसे मागावेत असे नाही. गाडी भरल्याचे फोटो हे वरच्या चारांतले सर्वांत स्वस्त काम आहे, आणि माल फाटका पोहोचला तर ते गोदामवाल्याचेच रक्षण करतात. ते विनामूल्य द्यावे, पण न बोलता देऊ नये. बिलात त्याची ओळ घालून पुढे शून्य लिहावे: 'गाड्यांचे फोटो, ६० गाड्या, आकार ० रुपये.' या शून्याने दोन गोष्टी साधतात. आपल्याला काय मिळते आहे हे ग्राहकाला दिसते, आणि उद्या साठ गाड्यांच्या दोनशे झाल्या तर दर लावण्याची जागा आधीच तयार असते. साठापत्रकाबाबतही मधला मार्ग आहे. सोमवारी आणि गुरुवारी विनामूल्य, रोज हवे असल्यास महिन्याला २,००० रुपये.

काही 'लहान' कामे पैसे मिळाले तरी करू नयेत. छापील किमतीवर दुसरे स्टिकर चिकटवा, असे सांगितले गेले तर थांबावे. वजनमापांच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार वेष्टनावरील माहिती बदलण्यासाठी वेगळे स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करण्यासाठी लावता येते, पण तेव्हाही उत्पादकाने छापलेली मूळ किंमत झाकता येत नाही. ओळख क्रमांकाचे स्टिकर आणि किमतीचे स्टिकर हातांना सारखेच वाटतात, पण दुसऱ्याबरोबर जबाबदारीही गोदामात येते.

ज्यांच्याकडे अशी कामे कित्येक महिने विनामूल्य चालू आहेत, त्यांनी मागची थकबाकी उकरून काढू नये. ती वसूल होण्याची शक्यता कमी आणि संबंध बिघडण्याची अधिक. पुढच्या एक तारखेपासूनचे पत्र द्यावे. त्यात गेल्या महिन्याचे तास आणि नग मांडावेत, आजवर ही कामे सदिच्छेने केली असे म्हणावे आणि पुढील दर लिहावेत. नमुन्याच्या पेढीने असे पत्र दिले आणि ग्राहकाने सगळे दर स्वीकारले, तर बिलात १६,४०० रुपयांची भर पडेल. बहुधा तसे होणार नाही. किंमत समोर आली की गरज तपासली जाते. ग्राहक म्हणेल, 'स्टिकर कारखान्यातच लावून पाठवतो, साठापत्रक दोन दिवसांचे पुरे, परत मालाची तपासणी मात्र तुम्हीच करा.' मग बिल होते ९५,२०० रुपये. तपासणी, फोटो आणि दोन दिवसांचे साठापत्रक यांचा जादा वेळेचा खर्च वजा जाता शिल्लक साडेबारा हजारांच्या आसपास राहते. चौदा हजार परत आले नाहीत, पण गळती थांबली आणि ग्राहकही टिकला.

एखादा ग्राहक इतका मोठा असतो, की त्याला दर सांगणे धाडसाचे वाटते. तो म्हणतो, 'पैसे वाढवून नकोत, त्याऐवजी बिल महिनाभर लवकर देतो.' हा सौदाही आकड्यांत तोलावा. ८८,००० रुपये एक महिना लवकर मिळाले, तर १२ टक्के व्याजाने ८८० रुपये वाचतात. त्या बदल्यात ७,८७० रुपयांचे काम देणे परवडणारे नाही. उलट त्याने वर्षभराच्या पेट्यांची किमान संख्या लेखी दिली, तर विचार करता येईल.

दर ठरला, काम झाले, की बिल त्याच महिन्यात जावे. मुदत कायदा, १९६३ नुसार सांगण्यावरून केलेल्या आणि देण्याची तारीख न ठरलेल्या कामाच्या पैशांसाठी दाव्याची मुदत काम झाल्यापासून तीन वर्षे असते. बिल पाठविल्यापासून नव्हे. 'हिशेब दिवाळीला करू' म्हणत ठेवलेली कामे अशीच मुदतीबाहेर जातात. पेढी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या कायद्याचाही आधार मिळतो. सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ती स्वीकारली असे धरले जाते, आणि लेखी कराराने ठरविलेली मुदतही पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. हे घड्याळ सेवा दिल्यापासूनच फिरू लागते, म्हणून जादा कामाची ओळ बिलात वेळेवर यावी.

येत्या महिन्याचे बिल लिहिताना म्हणून एवढे करावे. मुनीमाला आणि कामगारांना विचारून, करारात नसलेले प्रत्येक काम एका कागदावर उतरवावे आणि त्यापुढे तास लिहावेत. मग प्रत्येक ओळीपुढे एक आकडा घालावा. तो दर असेल किंवा शून्य असेल, पण जागा कोरी ठेवू नये.